आई पुन्हा लग्न करायचं म्हणते आहे: घर, पेन्शन आणि आम्ही आधी काय उरकायचं?

पाऊलवाट

आई ६३ वर्षांची, पुण्यात एकटी राहते. बाबा २०१९ साली गेले. गेल्या महिन्यात तिने मला आणि बहिणीला एकत्र कॉलवर घेऊन सांगितलं की तिला लग्न करायचं आहे. गृहस्थ ६८ वर्षांचे, विधुर, रेल्वेतून निवृत्त. ठाण्यात स्वतःचा फ्लॅट, एक मुलगा, एक मुलगी, दोघंही संसारात. लग्नानंतर आई ठाण्याला जाणार.

माझी हरकत नाही. बहीण कॅनडात आहे. तिचं म्हणणं, "लग्नाआधी फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर करून घे, मग तिला काय करायचं ते करू दे." फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून, एकट्याच्या नावावर घेतलेला. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत आई नॉमिनी होती, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव लागलं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आईला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते.

बहिणीचं ऐकावं का? आणि लग्नाच्या तारखेआधी नक्की काय काय उरकावं?

टिकली

आईने लग्न करावं की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? मुलांनी दोन-दोन लग्नं केली तर चालतात, आईने म्हटलं की लगेच फ्लॅट आठवतो!

पाऊलवाट

टिकली, "माझी हरकत नाही" हे वर लिहिलंय. प्रश्न कागदांचा आहे.

भाऊसाहेब_नाशिक

घाबरू नका. विधवेने दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क आपोआप संपतो, त्यामुळे फ्लॅट तुमचाच होणार. आणि आईने आधी मृत्युपत्र केलं असेल तर लग्नानंतर ते रद्द होतं, तेवढं पुन्हा करून घ्या.

खरेखत

भाऊसाहेब, पहिली गोष्ट एके काळी खरी होती. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यातच तसं कलम होतं, म्हणून ते घरोघरी अजून सांगितलं जातं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मात्र नवरा गेला त्या क्षणी बायकोचा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा होतो. नंतर तिने लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. १८५६ चा कायदा तर १९८३ साली रद्दच झाला.

दुसरी गोष्ट ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांत खरी आहे, तिथे लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंना ते लागू नाही. तुमच्या डोक्यात बहुधा पीएफचं नॉमिनेशन असावं. नोकरीत असलेल्या माणसाने लग्न केलं की पीएफचं जुनं नॉमिनेशन बाद होतं आणि नवं भरावं लागतं.

पाऊलवाट, आता तुम्हाला एकच प्रश्न. वडील गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या का?

पाऊलवाट

हो, आजी होती. २०२१ साली गेली. तिचंही मृत्युपत्र नाही. एक काका आहेत, एक आत्या. पण आजीचा या फ्लॅटशी काय संबंध? ती कधी तिथे राहिलीही नाही.

खरेखत

तिथेच गाठ आहे, आणि तिचा तुमच्या आईच्या लग्नाशी काहीही संबंध नाही.

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला की बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखे वाटे मिळतात. आजीचं नाव लोक हमखास विसरतात. फ्लॅटची किंमत हिशेबासाठी ९६ लाख धरू. वडील गेले त्या दिवशी चार वाटे पडले: आई २४, तुम्ही २४, बहीण २४, आजी २४. सोसायटीत नाव आईचं लागलं ते नॉमिनी म्हणून. त्याने सोसायटीला पत्र कोणाला पाठवायचं हे ठरतं, मालक कोण हे ठरत नाही.

मग आजी गेल्या. त्यांचे २४ लाख त्यांच्या तीन मुलांच्या शाखांत गेले, प्रत्येकी ८. काकांचे ८, आत्याचे ८, आणि तुमचे वडील आधीच गेलेले असल्याने त्यांच्या वाट्याचे ८ तुम्हा दोन भावंडांत चार-चार. त्यात आईला काही नाही. म्हणजे आज आईचे २४, तुमचे २८, बहिणीचे २८, काकांचे ८ आणि आत्याचे ८.

आता आईने लग्न केलं आणि मृत्युपत्र न करता ती गेली असं धरा. तिचे २४ लाख तुम्ही, बहीण आणि तिचा नवा नवरा अशा तिघांत प्रत्येकी ८ जातील. पुढे ते गृहस्थ गेले की त्यांचे ८ त्यांच्या मुलांकडे. बहिणीला भीती वाटते ती या ८ लाखांची. ते आईच्या एका मृत्युपत्राने थांबतात. काका-आत्याचे १६ लाख २०२१ पासून उघडे पडलेत आणि ते आईच्या हातात नाहीतच.

दादरकर

बाप रे. म्हणजे लग्न झालं नसतं तर हे कधी कळलं असतं?

खरेखत

फ्लॅट विकायला काढल्यावर. घेणाऱ्याला बँकेचं कर्ज हवं असतं, बँकेचा वकील वंशावळ मागतो, आजीच्या मृत्यूची तारीख वडिलांच्या नंतरची दिसते आणि व्यवहार अडतो. तेव्हा काका हयात नसले तर त्यांच्या मुलांच्याही सह्या लागतात.

पाऊलवाट

काका-आत्यांना फ्लॅट नकोच आहे, असं ते बोलता बोलता म्हणालेत. तेवढं पुरेल का? की नोटरीकडे लिहून घेऊ?

खरेखत

दोन्ही पुरणार नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलंच हवं. नोटरीचा कागद कपाटात ठेवायला बरा, मालकी त्याने हलत नाही. जवळच्या नात्यात वारसाहक्काची मिळकत सोडली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पण तुमच्याकडे काका पुतण्याच्या नावे सोडणार. मसुदा घेऊन आधी कार्यालयात दाखवा, म्हणजे ऐनवेळी शुल्कावरून घासाघीस नको. आत्यांनी कोणाच्या लाभात हक्क सोडला हे मसुद्यात नावानिशी लिहा. मोघम "हक्क सोडला" लिहिलं की तो हिस्सा नेमका कोणाकडे गेला यावर पुन्हा वाद.

बहिणीने त्यासाठी भारतात यायची गरज नाही. तिथल्या भारतीय वकिलातीत तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवावं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे तीन महिने बहुतेक जण चुकवतात, कारण कागद आला की तो "कामाच्या वेळी लागेल" म्हणून ठेवून दिला जातो.

निवृत्त_लेखापाल

मी पेन्शनचं लिहितो, कारण घरात भांडण होतं ते फ्लॅटवरून आणि दर महिन्याला खिशाला चटका बसतो तो पेन्शनचा.

केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन विधवेने पुनर्विवाह केला की थांबते. अपवाद आहे तो मूलबाळ नसलेल्या विधवेचा, आणि तिथेही तिच्या इतर उत्पन्नाची मर्यादा आहे. तुमच्या आईला तुम्ही दोघं आहात, म्हणजे ती थांबणार. समजा मूळ पेन्शन १८,००० आहे, तर ते १८,००० आणि त्यावरची महागाई सवलत, दोन्ही बंद. वैद्यकीय कार्डही त्याच पेन्शनवर असेल तर तेही.

चूक कुठे होते? नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना पुनर्विवाह केला आहे का असं विचारलेलं असतं. सायबर कॅफेवाला सवयीने "नाही"वर खूण करतो, अंगठा आईचा लागतो. पुढे विवाह नोंदणीचा दाखला दुसऱ्या कुठल्या कामासाठी बाहेर येतो आणि वसुली निघते. चौदा महिने जास्तीचे गेले तर नुसत्या मूळ पेन्शनचेच २,५२,००० होतात. म्हणून लग्न झाल्यावर बँकेला आणि पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

उलट बाजूही आहे. ते गृहस्थ रेल्वेचे पेन्शनर आहेत. निवृत्तीनंतर लग्न केलं तरी बायकोला पुढे फॅमिली पेन्शनचा हक्क असतो, मात्र तिचं नाव पेन्शन आदेशात चढवून घ्यावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला, त्यांच्या पहिल्या पत्नीचा मृत्यू दाखला, दोघांचा एकत्र फोटो आणि अर्ज. हे ते हयात आणि चालते-फिरते असताना करायचं. ते गेल्यावर आईने दाखला घेऊन जायचं ठरवलं तर त्यांच्या मुलांची ना हरकत वगैरे मागण्या सुरू होतात. रेल्वेच्या वैद्यकीय कार्डातही नाव त्याच वेळी घालून घ्या.

पण मधल्या काळात, म्हणजे ते हयात असेपर्यंत, आईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा काहीच येणार नाही. हा आकडा लग्नाआधी दोघांसमोर कागदावर ठेवा.

दादरकर

मग लग्न कशाला? एकत्र राहावं. पुण्यात ज्येष्ठांसाठी लिव्ह-इनचे मेळावे होतात. पेन्शन चालू, फ्लॅट जिथल्या तिथे, मुलांना कटकट नाही.

निवृत्त_लेखापाल

पेन्शन राहते हे खरं. पण मग रेल्वेची फॅमिली पेन्शन मिळणार नाही, त्यांच्या कार्डावर उपचार नाहीत, आणि ते मृत्युपत्र न करता गेले तर वारसांत आईचं नाव नाही. आज १८,००० वाचवायचे आणि उद्याचं सगळं सोडायचं, असा तो सौदा आहे. काही जोडपी समजून-उमजून तो करतात.

दादरकर

तेच म्हणतोय. ठरवू द्या की त्यांना.

सुरंगी

ठरवणार त्याच, म्हणून आकडे त्यांच्यासमोर हवेत. ज्येष्ठांच्या लग्नाची बोलणी बसवणं हे माझं काम, तेवढ्यापुरतं लिहिते.

बहिणीच्या मागणीबद्दल. लग्नाआधी आईकडून बक्षीसपत्र घेणं हे सगळ्यात जास्त घडणारं आणि सगळ्यात महाग पडणारं पाऊल. नातं मुलांचं असल्याने मुद्रांक २०० रुपये, शहरात वर अधिभार लागतो तो वेगळा, म्हणून स्वस्त वाटतं. पण बक्षीसपत्र आजच लागू होतं आणि आईला मर्जीने मागे घेता येत नाही. पाच वर्षांनी ते गृहस्थ गेले, ठाण्याच्या फ्लॅटवर त्यांच्या मुलांचा हक्क आला, तर ६८ वर्षांची आई परत कुठे येणार? आज तिच्या पायाखाली पुण्याचं घर आहे म्हणून ती हे धाडस करू शकते. ते काढून घेतलं की तिचं दुसरं लग्न पूर्णपणे दुसऱ्याच्या मुलांच्या मर्जीवर उभं राहतं. मृत्युपत्र मात्र तिच्या मरणानंतर लागू होतं आणि तोवर बदलता येतं. तुमची भीती तेवढ्यानेही भागते.

आणि बोलण्याची पद्धत. आईने सांगितलं त्याच बैठकीत किंवा त्याच आठवड्यात पैशांचा विषय काढू नका. काढलात तर आईच्या लेखी तुमचा होकार आणि फ्लॅट ही एकच गोष्ट होऊन बसते. पहिल्या वेळी फक्त विचारा: कधीपासून ओळख, राहणार कुठे, त्यांच्या मुलांना माहीत आहे का, लग्न कधी करायचंय. दुसऱ्या वेळी, दोन-तीन आठवड्यांनी, पेन्शनचा आकडा आणि घराचा हिशेब. आणि तो आईशी एकटीशी, त्यांच्या समोर नको. तिसऱ्या वेळी दोन्हीकडची मुलं एकत्र. चारही मुलांनी एकमेकांचे फोन नंबर घेणं हे जेवणावळीपेक्षा महत्त्वाचं. मध्यरात्री दवाखान्यात दाखल करायची वेळ आली की फॉर्मवर सही कोणी करायची, पैसे कोणाच्या खात्यातून भरायचे, हे तेव्हा ठरवता येत नाही.

टिकली

हे पटलं. माझा आधीचा प्रतिसाद घाईत होता. पण आईचे दागिने? तेही विचारायचे का?

सुरंगी

नाही. ते स्त्रीधन, तिचं तिने ठरवावं. फक्त लॉकर तिच्या एकटीच्या नावावर असेल तर कोणाचं तरी नाव जोडायला सांगा, कोणाचं ते ती ठरवेल. बाबांच्या फोटोचंही असंच. तो ठाण्याला जाईल, पुण्यातच राहील की तुमच्याकडे येईल, हे तिला विचारा. परस्पर उचलून आणू नका, लोक ते करतात आणि मग वर्षभर अबोला.

पाऊलवाट

त्यांच्या मुलीने एक सुचवलं आहे. तिच्या वडिलांनी मृत्युपत्रात लिहायचं की ठाण्याचा फ्लॅट माझ्या आईला तहहयात, नंतर त्यांच्या मुलांना. आईला बरं वाटलं. यात काही खोट आहे का?

खरेखत

हेतू चांगला, शब्दांत खड्डा आहे. हिंदू बाईला उदरनिर्वाहाच्या हक्कापोटी जी मिळकत दिली जाते, ती "तहहयात" लिहून दिली तरी तिच्या पूर्ण मालकीची होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुळसम्माच्या खटल्यात हे सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक मृत्युपत्राच्या शब्दांवर वाद चालत आलाय. त्यांच्या मुलांना हे उद्या कोणीतरी सांगेल आणि आज दिलेलं आश्वासन ते मागे घेतील. त्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. फ्लॅटची मालकी थेट मुलांना, आणि तुमच्या आईला फक्त राहण्याचा हक्क, विक्री किंवा भाड्याने देण्याचा नाही. तिच्या खर्चासाठी वेगळी रक्कम, उदाहरणार्थ दोघांच्या नावची मुदत ठेव. असं लिहिलं की कोर्टाला वाचायला सोपं जातं. तरी वाद होणारच नाही असं कोणी लिहून देणार नाही.

दोन्ही मृत्युपत्रं एकाच महिन्यात करावीत, दोन साक्षीदार, ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी कोणी साक्षीदार नको. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण या वयात नोंदवून घ्या आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा शुद्धीवर असल्याचा दाखला जोडा. आईच्या मृत्युपत्रात "फ्लॅट" लिहू नका, "फ्लॅटमधला माझा हिस्सा" लिहा. अख्खा फ्लॅट तिचा नाहीच.

भाऊसाहेब_नाशिक

मग एवढं सगळं करण्यापेक्षा रजिस्टर लग्न केलं तर वारसा कायदाच बदलतो ना? स्पेशल मॅरेजवाल्यांना हिंदू कायदा लागू नसतो.

खरेखत

दोघं हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. जोडीदार हिंदू, बौद्ध, शीख, जैन सोडून दुसऱ्या धर्माचा असेल तर तुमचं बरोबर. नोंदणी पद्धतीत नोटीस दिल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं आणि दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस वास्तव्य लागतं. तीन साक्षीदार, आणि दोघांच्या आधीच्या जोडीदारांचे मृत्यू दाखले. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधी बघा, बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव हमखास अडतं.

मांडवी

गोव्याचं कोणी वाचत असेल तर तिथे हिशेब निराळा. आई-वडिलांना मृत्युपत्राने फक्त अर्धी मालमत्ता मर्जीने देता येते, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. आणि मिळकत एकत्र ठेवायची की वेगळी, याचा करार लग्नाआधी करायचा असतो, नंतर बदलत नाही. त्यामुळे तिथे लग्नाआधी वकिलाकडे जाणं हा अविश्वास मानला जात नाही.

पाऊलवाट

आज काकांशी बोललो. ते सही करायला तयार आहेत. आत्या म्हणाली, "तुझ्या नावे सोडते, पण वहिनीच्या नावे नाही, ती आता दुसऱ्या घरची होणार." बहिणीला हे कळल्यावर ती पहिल्यांदा आईच्या बाजूने भांडली. आत्याचा हिस्सा माझ्या एकट्याच्या नावे घेतला तर बहिणीचं काय?

खरेखत

तुम्हा दोघांच्या नावे निम्मा-निम्मा लिहून घ्या. आत्यांची हरकत आईच्या नावाला आहे, तुमच्या बहिणीच्या नाही. आईला त्या हिश्श्याची गरजही नाही, तिचे २४ तिच्याकडे आहेतच.

निवृत्त_लेखापाल

आणि पेन्शनचा कागद आईला दाखवला का?

पाऊलवाट

दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाली, बंद झाली तर होऊ दे. त्यांना मात्र ते पटत नाहीये, ते म्हणतात एक वर्ष नुसतं एकत्र राहू. आई म्हणते लग्नच. अजून ठरलं नाही.